गो-लाइव्हनंतरचं पहिलं मंथ-एंड: एकाच बिलाचे दोनदा गेलेले पैसे कसे शोधायचे आणि हिशेब कसा सरळ करायचा

नवीन अकाउंटिंग सिस्टीम सुरू झाली की पहिल्या मंथ-एंडला बहुतेक जण डुप्लिकेट पेमेंटचा रिपोर्ट काढतात. तो कोरा येतो, चेकलिस्टवर टिक होते आणि महिना बंद होतो. पण हा रिपोर्ट फक्त नव्या सिस्टीममधलीच पेमेंट्स बघतो. गो-लाइव्हच्या आसपास दोनदा गेलेल्या पैशांपैकी पहिलं पेमेंट जुन्या सिस्टीममध्ये नोंदलेलं असतं आणि दुसरं नव्या. दोन्ही सिस्टीम स्वतःपुरत्या बरोबर असतात, म्हणून एकीलाही चूक दिसत नाही.

खाली एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवून दाखवलं आहे. त्यातली अकाउंटंट, कंपनी आणि आकडे उदाहरणापुरते आहेत, पण चुकीची साखळी मात्र नेहमीची आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक घोळ क्रम चुकल्यानेच वाढतो.

## प्रकरण थोडक्यात

नवीन ईआरपी महिन्याच्या १ तारखेला लाइव्ह झाली. न भरलेल्या बिलांची यादी, म्हणजे ओपन आयटम, जुन्या सिस्टीममधून मागच्या महिन्याच्या २८ तारखेला संध्याकाळी काढली गेली. ती साफ करून, नव्या साच्यात बसवून अपलोड करायला वेळ लागतो, म्हणून ती आधी काढणं भाग होतं. ट्रायल बॅलन्स मात्र महिनाअखेरचा घेतला.

मधल्या दिवसांत अकाउंट्सने तीन पुरवठादारांचे पैसे जुन्या सिस्टीममधूनच दिले. गो-लाइव्हच्या आधी शक्य तेवढी देणी उरकून टाकायची, असा तेव्हा विचार होता. ही तीन पेमेंट्स वेगळी यादी करून नव्या सिस्टीममध्ये चढवायची होती. ते राहून गेलं.

नव्या सिस्टीमच्या दृष्टीने ती तिन्ही बिलं अजून द्यायचीच होती. १२ तारखेच्या पेमेंट रनमध्ये त्यातल्या एकाची मुदत भरली आणि १,१८,५०० पुन्हा गेले.

## तयारी: बसण्याआधी हाताशी काय हवं

पाच गोष्टी काढून ठेवा. एकही कमी असेल तर काम अर्ध्यात अडकतं.

- जुन्या सिस्टीममधली गेल्या ९० दिवसांची पेमेंट्स, बिलवार. चेकवार किंवा बँकेच्या ओळीवार यादी चालणार नाही, कारण एका पेमेंटमध्ये चार बिलं असू शकतात.
- नव्या सिस्टीममधली गो-लाइव्हपासूनची पेमेंट्स, तीही बिलवार.
- अपलोड केलेली ओपन आयटमची मूळ फाइल आणि ती कोणत्या दिवशी, किती वाजता काढली याची नोंद.
- जुन्या सिस्टीमचा शेवटचा ट्रायल बॅलन्स आणि त्याच तारखेचं बँक रिकन्सिलिएशन, न वटलेल्या चेकच्या यादीसकट.
- दोन्ही महिन्यांची बँक स्टेटमेंट्स.

जुन्या सिस्टीमचा लॉगिन अजून चालू आहे का, हे आजच बघा. गो-लाइव्हनंतर काही आठवड्यांत तो बंद होतो आणि मग एका व्हाउचरसाठी आयटीच्या मागे लागावं लागतं. फक्त वाचण्यापुरता प्रवेश पुरे. खरं तर तेवढाच असावा, म्हणजे चुकून तिथे नवी एंट्री पडणार नाही.

## पायरी १: बँकेतली न जुळणारी ओळ तशीच ठेवा

आपल्या प्रकरणात पहिली खूण बँक रिकन्सिलिएशनमध्ये मिळाली. स्टेटमेंटवर १,१८,५०० दोनदा डेबिट होते: एकदा ४ तारखेला चेकने, एकदा १२ तारखेला. १२ तारखेची ओळ नव्या सिस्टीममधल्या पेमेंटशी जुळली. ४ तारखेची कशाशीच जुळेना.

ज्युनिअरने विचारलं, "मॅडम, हे जुन्या सिस्टीमचं असणार. सस्पेन्सला टाकून पुढे जाऊ का?"

"जुन्या सिस्टीमचं आहेच," अकाउंटंट म्हणाली. "पण मग नव्या सिस्टीममधून तीच रक्कम परत का गेली? आधी तो चेक कोणाच्या नावाने होता ते काढ."

ज्युनिअरने सुचवलेली सस्पेन्सची एंट्री झाली असती तर दोन नुकसानं झाली असती. एक म्हणजे डुप्लिकेट सस्पेन्समध्ये गडप झालं असतं. दुसरं, बँकेचं पुस्तकी शिल्लक चुकलं असतं. हा चेक मागच्या महिन्याच्या ३० तारखेला जुन्या सिस्टीममध्ये नोंदला गेला होता, त्यामुळे महिनाअखेरच्या ट्रायल बॅलन्समधून जो बँक बॅलन्स नव्या सिस्टीममध्ये आला, त्यातून ही रक्कम आधीच वजा झाली होती. सस्पेन्स डेबिट, बँक क्रेडिट अशी एंट्री केली असती तर ती दुसऱ्यांदा वजा झाली असती.

म्हणून अशा ओळीला एंट्री लागत नाही. ती जुन्या रिकन्सिलिएशनमधल्या न वटलेल्या चेकच्या यादीशी जुळवायची असते. ही यादी नव्या सिस्टीममध्ये चढवली नसेल तर, सिस्टीममध्ये सोय असल्यास, ओपनिंगचे आयटम म्हणून आता चढवा. सोय नसेल तर रिकन्सिलिएशनच्या कागदावर हाताने दाखवा.

> पडताळणी: चेक नंबर जुन्या यादीत सापडला का? सापडला तर तो कोणत्या व्हेंडरच्या कोणत्या बिलासाठी होता, ते जुन्या व्हाउचरवरून लिहून घ्या. नुसती रक्कम जुळली म्हणून पुढे जाऊ नका.

इथे जुनं व्हाउचर उघडलं तेव्हा त्यावर बिल क्रमांक TR/2291 होता. नव्या सिस्टीममधल्या १२ तारखेच्या पेमेंटच्या नॅरेशनमध्येही TR/2291 होता.

## पायरी २: पुढचं पेमेंट रन ताबडतोब थांबवा

संशय आल्यावर लोक आधी तपास पूर्ण करायला बसतात. तसं करू नका. एक बिल दोनदा गेलं असेल तर त्याच कारणाने आणखी बिलं रांगेत उभी असण्याची दाट शक्यता असते. आपल्या प्रकरणात पुढचं रन दोन दिवसांवर होतं आणि उरलेल्या दोन बिलांची मुदत त्यातच भरत होती.

सगळीच पेमेंट्स बंद करायची गरज नाही. पगार, कर आणि गो-लाइव्हनंतर नव्याने बुक झालेली बिलं जाऊ द्या. मायग्रेशनमधून आलेल्या प्रत्येक ओपन आयटमवर मात्र पेमेंट ब्लॉक लावा. हे आयटम ओळखणं सोपं असतं: त्यांचा डॉक्युमेंट टाइप वेगळा असतो किंवा सगळ्यांची पोस्टिंग तारीख एकच असते.

> इशारा: पेमेंट प्रपोजल आधीच तयार झालं असेल तर नंतर लावलेला ब्लॉक त्या प्रपोजलला लागू होईलच असं नाही. प्रपोजल रद्द करून नव्याने काढा. बँकेची फाइल तयार झाली असेल तर ती मंजुरीच्या टप्प्यावर अडवा.

## पायरी ३: मायग्रेशनचं क्लिअरिंग खातं उघडा

माझ्या मते या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि नेमकी हीच वगळली जाते. डुप्लिकेट शोधायला लोक व्हेंडरचं लेजर उघडतात. या प्रकारात लेजर स्वच्छ दिसतं. मायग्रेशनने आलेलं बिल १,१८,५०० क्रेडिट, १२ तारखेचं पेमेंट १,१८,५०० डेबिट, बाकी शून्य. पहिलं पेमेंट नव्या लेजरमध्ये आलेलंच नाही, तर ते तिथे दिसणार कसं?

ते दिसतं क्लिअरिंग खात्यात. कसं, ते नीट समजून घ्या.

ओपनिंग चढवताना क्रेडिटर्सची रक्कम दोन वाटांनी येते. एका वाटेने व्हेंडरवार ओपन आयटम येतात. ते व्हेंडरला क्रेडिट आणि क्लिअरिंग खात्याला डेबिट होतात. दुसऱ्या वाटेने ट्रायल बॅलन्समधला क्रेडिटर्सचा एकच आकडा येतो. क्रेडिटर्सच्या कंट्रोल खात्यात थेट पोस्टिंग सहसा बंद असतं, म्हणून तो आकडा क्लिअरिंग खात्याला क्रेडिट होतो. दोन्ही वाटांची रक्कम सारखी असेल तर खातं शून्यावर येतं.

आपल्या प्रकरणात असं झालं होतं:

- ओपन आयटम, २८ तारखेचे: ५१,१६,८०० डेबिट
- ट्रायल बॅलन्समधले क्रेडिटर्स, महिनाअखेरचे: ४८,६२,३०० क्रेडिट
- क्लिअरिंग खात्यात बाकी: २,५४,५०० डेबिट

ही २,५४,५०० ची डेबिट बाकी म्हणजेच २८ तारखेनंतर जुन्या सिस्टीममधून दिलेले आणि नव्या सिस्टीमला माहीत नसलेले पैसे. १,१८,५०० चं बिल सापडलंच होतं. जुन्या सिस्टीममधली २९ आणि ३० तारखेची पेमेंट्स काढल्यावर आणखी दोन निघाली: ८४,००० आणि ५२,०००. बेरीज २,५४,५००, आकड्याला आकडा.

ही दोन पेमेंट्स २९ तारखेला ऑनलाइन गेली होती आणि त्याच दिवशी बँकेतून डेबिटही झाली होती. त्यामुळे नव्या महिन्याच्या बँक रिकन्सिलिएशनमध्ये त्यांचा मागमूसही नव्हता. फक्त बँकेवर भरवसा ठेवला असता तर एकच बिल सापडलं असतं आणि बाकीची दोन पुढच्या रनमध्ये बिनबोभाट गेली असती.

> इशारा: क्लिअरिंग खात्यातली बाकी म्हणजे नक्त आकडा. त्यात उलटसुलट चुका एकमेकींना झाकू शकतात. एखादं बिल चढवायचंच राहिलं असेल तर तेवढी क्रेडिट बाकी तयार होते आणि तेवढीच डेबिट चूक खाऊन टाकते. बाकी शून्य आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. जुन्या सिस्टीमची महिनाअखेरची व्हेंडरवार यादी आणि अपलोड झालेली व्हेंडरवार यादी शेजारी ठेवून प्रत्येक व्हेंडरचा फरक काढा.

इथे एक नेहमीचा मोह होतो. बाकी लहान असली की ती राउंडिंग किंवा मायग्रेशन डिफरन्स म्हणून खर्चाला टाकली जाते. तसं केलं की डुप्लिकेट पेमेंट खर्च म्हणून नफ्यातून वजा होतं आणि ते परत मागायचं कारणच कोणाला दिसत नाही.

## पायरी ४: दोन्ही सिस्टीमची पेमेंट्स एकाच शीटवर आणा

क्लिअरिंग खात्यावरून तीन बिलं मिळाली, पण ती एकाच कारणाची होती. डुप्लिकेट व्हायची इतरही कारणं असतात. एकच पुरवठादार दोन कोडने चढलेला असतो, किंवा गो-लाइव्हच्या गडबडीत पुरवठादाराने बिलाची प्रत पुन्हा पाठवलेली असते आणि ती पुन्हा बुक होते. ही क्लिअरिंग खात्यात दिसत नाहीत. म्हणून ही पायरी टाळू नका.

एका शीटवर जुन्या यादीखाली नवी यादी चिकटवा. कॉलम असे ठेवा: A मध्ये स्रोत, म्हणजे `OLD` किंवा `NEW`, B मध्ये पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक, C मध्ये बिल क्रमांक, D मोकळा, E मध्ये बिलाची पूर्ण रक्कम, F मध्ये पेमेंटची तारीख.

व्हेंडर कोड मुद्दाम घेतलेला नाही. जुन्या आणि नव्या सिस्टीमचे कोड वेगळे असतात आणि दोनदा चढलेल्या पुरवठादाराचे तर नव्या सिस्टीममध्येच दोन असतात. पैसे ज्या खात्यात गेले ते खातं मात्र सहसा एकच असतं. चेकने दिलेल्या पेमेंटला खाते क्रमांक नसेल तर तो व्हेंडर मास्टरमधून भरा.

रक्कम पेमेंटची न घेता बिलाची घ्या. एका सिस्टीमने कर कापून पैसे दिले असतील आणि दुसरीने न कापता, तर पेमेंटच्या रकमा जुळणार नाहीत आणि डुप्लिकेट नजरेतून सुटेल.

बिल क्रमांक लिहिण्याच्या तऱ्हा अनेक असतात. `TR/2291`, `TR-2291`, `tr 2291` ही तीन वेगळी बिलं नाहीत, पण सिस्टीम त्यांना वेगळी समजू शकते. D कॉलममध्ये ती एकसारखी करून घ्या:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(TRIM(C2)),"/",""),"-","")," ","")
```

मग तोच खाते क्रमांक आणि तीच रक्कम किती वेळा आली ते मोजा:

```
=COUNTIFS($B$2:$B$5000,B2,$E$2:$E$5000,E2)
```

उत्तर १ पेक्षा जास्त असलेल्या ओळी गाळून घ्या आणि मग त्यांचे D कॉलममधले बिल क्रमांक डोळ्यांनी बघा. पहिल्या चाळणीत बिल क्रमांक मुद्दामच घेतलेला नाही. आपल्या प्रकरणात तो घेतला असता तर काहीच सापडलं नसतं: मायग्रेशन करताना रेफरन्सच्या रकान्यात जुन्या सिस्टीमचा व्हाउचर नंबर भरला होता आणि पुरवठादाराचा खरा बिल क्रमांक नॅरेशनमध्ये गेला होता.

हे रेफरन्सचं लक्षात ठेवा, कारण त्याचा त्रास पुढेही होतो. बिल बुक करताना सिस्टीम डुप्लिकेटचा जो इशारा देते, तो सहसा व्हेंडर, रेफरन्स, तारीख आणि रक्कम यांवर चालतो. रेफरन्सच चुकीचा असेल तर पुरवठादाराने तेच बिल पुन्हा पाठवल्यावर इशारा येणार नाही. मायग्रेशनमधून आलेल्या, अजून उघड्या असलेल्या आयटमचे रेफरन्स याच महिन्यात दुरुस्त करून घ्या.

> इशारा: खाते क्रमांक लांब असेल तर एक्सेल दगा देतं. ते आकड्याचे पहिले १५ अंकच नेमके धरतं, आणि क्रमांक मजकूर म्हणून ठेवला तरी `COUNTIFS` तो आकडा समजून तुलना करतं. त्यामुळे १६ अंकी दोन वेगळी खाती एकच वाटू शकतात. प्रत्येक खाते क्रमांकाच्या आधी एक अक्षर जोडा, उदाहरणार्थ `"A"&`. आणि सीएसव्ही फाइल थेट उघडू नका, सुरुवातीची शून्यं उडतात. इम्पोर्ट करताना तो कॉलम मजकूर म्हणून निवडा.

शेवटी, बँक खातं वेगळं पण रक्कम तीच, अशीही एक चाळणी लावा. पुरवठादाराने मधल्या काळात खातं बदललं असेल तर तो इथेच सापडेल. या चाळणीत निरुपद्रवी ओळी खूप येतील, तेव्हा मोठ्या रकमांपुरती ती बघितली तरी चालेल.

## पायरी ५: पुरावा जमवा, मगच डुप्लिकेट म्हणा

चाळणीतून आलेली ओळ हा फक्त संशय आहे. भाडं, देखभालीचा करार, सबस्क्रिप्शन यांची बिलं दर महिन्याला त्याच रकमेची असतात. ती वेगळी करायला बिलावरचा कालावधी बघा. मालाचं बिल असेल तर माल दोनदा आला का, हे गोदामाच्या पावतीवरून ठरवा.

याहून फसवा प्रकार म्हणजे जुना चेक रद्द होऊन त्याच्याऐवजी नव्या सिस्टीममधून पैसे दिले जाणं. कागदावर दोन पेमेंट्स दिसतात, प्रत्यक्षात पैसे एकदाच जातात. म्हणून प्रत्येक संशयित जोडीसाठी या तीन गोष्टी मिळायलाच हव्यात:

1. दोन्ही व्हाउचर्स, त्याच मूळ बिलाकडे बोट दाखवणारी.
2. बँक स्टेटमेंटवर दोन वेगळे डेबिट, आणि नंतर त्यातलं एकही परत आलेलं नाही याची खात्री.
3. पुरवठादाराचा खातेउतारा, ज्यात दोन्ही रकमा जमा दिसतात.

खातेउतारा मागताना "आमच्याकडून दोनदा पैसे आले का?" असं विचारू नका. गो-लाइव्हच्या दोन महिने आधीपासून आजपर्यंतचा पूर्ण उतारा मागा. असा उतारा नेहमीच्या कामाचा भाग वाटतो आणि त्यात तुम्हाला माहीत नसलेल्या गोष्टीही निघतात. आपल्या प्रकरणात पुरवठादाराने दोन्ही पेमेंट्स जमा केली होती आणि दुसरं "ऑन अकाउंट" म्हणून ठेवलं होतं. म्हणजे जादा पैसे आल्याचं त्यांच्या पुस्तकात होतं. कोणी विचारलं नव्हतं, म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

## पायरी ६: दुरुस्तीची एंट्री

आधी काय करायचं नाही ते बघू. १२ तारखेचं पेमेंट रिव्हर्स करू नका. पैसे खरोखर बँकेतून गेले आहेत. रिव्हर्स केलं तर बँकेचा ताळा बिघडेल आणि बिल पुन्हा उघडं होऊन तिसऱ्यांदा पैसे जाण्याची वाट मोकळी होईल. बिलही रद्द करू नका, कारण माल आणि खर्च खरा आहे.

चूक एवढीच आहे की जुन्या सिस्टीममधली तीन पेमेंट्स व्हेंडरच्या खात्यात आली नाहीत. तेवढीच आणायची:

- व्हेंडर क डेबिट १,१८,५००
- व्हेंडर ख डेबिट ८४,०००
- व्हेंडर ग डेबिट ५२,०००
- मायग्रेशन क्लिअरिंग क्रेडिट २,५४,५००

या एंट्रीत बँक नाही आणि खर्चही नाही. तुमच्या एंट्रीत या दोहोंपैकी एखादं खातं आलं असेल तर थांबा, कुठेतरी गफलत आहे.

पोस्टिंगची तारीख चालू महिन्यातली ठेवा. डॉक्युमेंटची तारीख मूळ पेमेंटची द्या आणि नॅरेशनमध्ये जुन्या व्हाउचरचा नंबर लिहा. प्रत्येक व्हेंडरची ओळ स्वतंत्र ठेवा, नाहीतर पुढे आयटम क्लिअर करता येणार नाहीत.

एंट्रीनंतर व्हेंडर ख आणि ग यांची बिलं या नव्या डेबिटशी क्लिअर करा. ती संपली, त्यांचे ब्लॉकही निघाले. व्हेंडर क चं बिल मात्र १२ तारखेच्या पेमेंटने आधीच क्लिअर झालं आहे, म्हणून त्याच्या खात्यात १,१८,५०० ची डेबिट बाकी उघडी राहते. हेच आपलं पुरवठादाराकडून येणं.

> पडताळणी: क्लिअरिंग खात्याची बाकी शून्य. ओपनिंग क्रेडिटर्स ५१,१६,८०० वजा २,५४,५००, म्हणजे ४८,६२,३००, जुन्या ट्रायल बॅलन्सइतकेच. व्हेंडर क डेबिट १,१८,५००. तिन्ही जुळले तरच पुढे.

त्या डेबिट आयटमवर लगेच पेमेंट ब्लॉक लावा. पैसे परत घ्यायचे की पुढच्या बिलात वळते करायचे, हे अजून ठरलेलं नाही. पण अनेक सिस्टीम पुढच्या पेमेंट रनमध्ये उघडं डेबिट आपोआप वजा करतात. मग पुरवठादाराला कमी पैसे मिळतात, तो तक्रार करतो आणि अकाउंट्समध्ये कोणालाच कारण सांगता येत नाही.

महिनाअखेरच्या ताळेबंदात ही डेबिट बाकी बाकीच्या क्रेडिटर्समध्ये मिसळून देणं कमी दाखवू नका. ती येणं म्हणून वेगळी दाखवा. बऱ्याच सिस्टीममध्ये यासाठी दुसऱ्या दिवशी आपोआप उलटणारी रिक्लासिफिकेशन एंट्री करता येते.

## पायरी ७: पुरवठादाराशी बोलणी

आता लेखी पत्र पाठवा. त्यात बिल क्रमांक, दोन्ही पेमेंटच्या तारखा, चेक किंवा व्यवहार क्रमांक आणि जादा गेलेली रक्कम, एवढंच. सोबत बँक स्टेटमेंटवरच्या त्या दोन ओळी जोडा, इतर व्यवहार झाकून.

परतावा की वळतं? पुरवठादाराकडून नियमित माल येत असेल आणि पुढचं बिल जवळ असेल तर वळतं करणं दोघांनाही सोयीचं असतं. पण ते तोंडी ठरवू नका. कोणत्या बिलातून किती वजा होणार, याची त्यांच्याकडून लेखी कबुली घ्या. व्यवहार थांबले असतील किंवा पुढच्या बिलाची खात्री नसेल तर परतावाच मागा. परतावा आला की बँक डेबिट, व्हेंडर क्रेडिट, आणि तो उघडा आयटम क्लिअर.

> इशारा: याच पत्रव्यवहारात कोणी "आमचं खातं बदललंय, पुढची पेमेंट्स इथे करा" असं लिहिलं तर ते या प्रकरणात मिसळू नका. खातं बदलण्याची खात्री व्हेंडर मास्टरमध्ये आधीपासून असलेल्या फोन नंबरवर बोलून, वेगळ्या मंजुरीने करा. परताव्याच्या गडबडीत अशी मागणी सहज खपून जाते.

## पायरी ८: महिना लॉक करण्याआधी

आता पेमेंट ब्लॉक सरसकट काढायचा मोह होईल. तसा काढू नका. मायग्रेशनमधून आलेला जो आयटम जुन्या सिस्टीमच्या महिनाअखेरच्या व्हेंडरवार यादीत उघडा दिसतो, फक्त त्याचाच ब्लॉक काढा. जो तिथे दिसत नाही, त्याचं व्हाउचर बघून निकाल लावा.

ऑडिटरसाठी एक पान आत्ताच लिहून ठेवा: ओपन आयटमची फाइल कधी काढली, ट्रायल बॅलन्स कोणत्या तारखेचा, मधली तीन पेमेंट्स, दुरुस्तीच्या एंट्रीचा नंबर, मंजुरी कोणाची, आणि १,१८,५०० ची सध्याची स्थिती. सोबत पायरी ५ चे पुरावे आणि पायरी ४ ची शीट. सहा महिन्यांनी यातलं कोणालाही आठवणार नाही आणि तोवर जुनी सिस्टीम बंद झालेली असेल.

पहिल्या तीन महिन्यांसाठी एक जादा तपासणी नेमून द्या. प्रत्येक पेमेंट प्रपोजल मंजुरीला जाण्याआधी एकाने त्यातले मायग्रेशनचे आयटम वेगळे काढून जुन्या सिस्टीमच्या पेमेंट यादीशी ताडून पाहावेत आणि सही करावी. प्रपोजल तयार करणारा माणूस आणि ताडून पाहणारा माणूस वेगळा हवा. मायग्रेशनचा शेवटचा आयटम क्लिअर झाला की ही तपासणी बंद करा आणि क्लिअरिंग खात्याला पोस्टिंगसाठी कुलूप लावा, म्हणजे नंतर कोणी त्यात काही टाकणार नाही.